शिकाऊ मुलगा शिकतो आणि निघून जातो: मशीन शॉपमधलं हे दुखणं कुठून तपासायला घ्यायचं

गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत माझं छोटं मशीन शॉप आहे. तीन सीएनसी लेथ, एक व्हीएमसी, सगळी मिळून 14 माणसं. फाउंड्रीतून कास्टिंग येतात, आम्ही मशीनिंग करून देतो. आयटीआय झालेली टर्नर आणि मशिनिस्ट ट्रेडची मुलं मी बऱ्याच वर्षांपासून शिकाऊ म्हणून घेतो. सुरुवातीची काही वर्षं माझ्याकडेही तेच व्हायचं जे आजूबाजूला सगळीकडे होतं. मुलगा वर्षभर राहायचा, हात बसायचा आणि बसल्याबरोबर रस्त्यापलीकडच्या शॉपमध्ये दिसायचा. मी हे दुखणं आधी माझ्याकडे दुरुस्त केलं. नंतर ओळखीच्या सात-आठ शॉपमध्ये बसून त्यांचंही पाहिलं. दर वेळी कारण थोडं वेगळं निघालं, पण तपासायचा क्रम तोच राहिला. तो क्रम इथे लिहितोय.

आधी लक्षणं

पुढचं काही तुमच्याकडे दिसत असेल तर वाचा.

सहा महिने झालेला मुलगाही जॉब चढवणं-उतरवणं एवढंच करतो. साइज हलली की मशीन थांबवून सेटरची वाट बघत उभा राहतो. सेटर सुट्टीवर गेला की त्या दिवशीचं उत्पादन निम्मं होतं, मग शिकाऊ मुलं दोन असोत की तीन. जुना ऑपरेटर प्रोग्रॅमच्या स्क्रीनसमोर पाठ करून उभा राहतो, म्हणजे मुलाला दिसू नये. मुलं दांड्या मारतात त्या ठरावीक तारखांना, बहुतेक महिन्याच्या दहा तारखेनंतर. आणि सगळ्यात ओळखीचं लक्षण म्हणजे वर्ष संपायला पंधरा दिवस राहिले की मुलगा मावशीच्या लग्नाला जातो आणि परत येत नाही.

यातली दोन लक्षणं जरी असली तरी "आजकालची पोरं टिकतच नाहीत" हे वाक्य बाजूला ठेवा. एकाच वस्तीतली, एकाच आयटीआयची मुलं एका शॉपमध्ये चार-चार वर्षं राहतात आणि शेजारच्या शॉपमधून चार महिन्यांत जातात, हे मी स्वतः पाहिलंय.

पहिली तपासणी: हजेरीचं रजिस्टर. खर्च शून्य, वेळ एक तास

गेल्या तीन वर्षांत सोडून गेलेल्या प्रत्येक मुलापुढे एकच आकडा लिहा: कितव्या महिन्यात गेला. कारण लिहू नका. कारण म्हणून आपल्याला जे सांगितलेलं असतं ते घरचं दुखणं, लग्न नाहीतर शेती असतं. महिना मात्र खरं सांगतो.

पहिल्या दोन महिन्यांत गेला असेल तर बहुधा पैशाचं किंवा येण्या-जाण्याचं गणित बसलेलं नसतं. चौथ्या ते सहाव्या महिन्यात गेला असेल तर तो कंटाळून गेलेला असतो, कारण त्याला कोणी शिकवत नाही हे त्याला तेवढ्या वेळात कळतं. दहाव्या महिन्यानंतर गेला असेल तर तुम्ही शिकवलं नीट, पण पुढचं काही सांगितलं नाही. तिन्हींची दुरुस्ती वेगळी आहे. दुसऱ्या प्रकारात पगारवाढ जाहीर करून उपयोग नाही आणि तिसऱ्या प्रकारात बसचा पास देऊन उपयोग नाही. बहुतेक मालक इथेच चुकतात. एक औषध सगळ्यांना देतात आणि मग औषधाला नावं ठेवतात.

माझ्या एका शेजाऱ्याचं उदाहरण घेतो आणि शेवटपर्यंत तेच धरून चालतो. त्याच्याकडे 22 माणसं. नियमाप्रमाणे एकूण माणसांच्या 15 टक्क्यांपर्यंत शिकाऊ घेता येतात, म्हणून तो दरवर्षी तीन घ्यायचा. तीन वर्षांत नऊ मुलं आली, सात गेली. रजिस्टर उघडलं तर एक दीड महिन्यात, दोन पाचव्या महिन्यात आणि चार अकरावा ते चौदावा महिना यांच्या दरम्यान गेलेली. त्याची ठाम समजूत होती की मुलं पहिल्या काही महिन्यांतच पळतात. आकडे बघून तो बराच वेळ गप्प बसला.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. आमच्याकडे शाहूवाडी, राधानगरीकडची मुलं जुलैत भाताच्या लावणीला घरी जातात. ही गळती नव्हे. घरात माणूस नाही म्हणून तो जातो आणि बोलावणारं कोणी असेल तर परत येतो. आम्ही त्या दिवसांची रजा जूनमध्येच ठरवून टाकतो. तेव्हापासून लावणीला गेलेला मुलगा परत आला नाही असं झालेलं नाही.

दुसरी तपासणी: पैसे हातात कधी पडतात

किती देता याच्याआधी कधी देता ते बघा. शिकाऊ उमेदवारांच्या नियमांप्रमाणे विद्यावेतन पुढच्या महिन्याच्या दहा तारखेपर्यंत द्यायचं असतं. कामगारांचे पगार सातला आणि शिकाऊ मुलांचं "बघू, पार्टीचं पेमेंट आलं की" अशी पद्धत अनेक शॉपमध्ये आहे. आपल्याला ती रक्कम छोटी वाटते. पण खोलीचं भाडं आणि खानावळ त्याच पैशावर चालते. खानावळीचे पैसे दोनदा थकले की मुलगा बाराव्या दिवशी गावी जातो आणि घरचे म्हणतात, राहू दे आता.

दुसरा घोळ सरकारी वाट्याचा आहे आणि तो नीट समजून घ्यायला हवा. 2019 च्या नियमांत आयटीआय झालेल्या मुलासाठी महिन्याचं किमान विद्यावेतन 7,000 रुपये ठरलं. करार कराल त्या दिवशी शिकाऊ उमेदवारीच्या सरकारी पोर्टलवर लागू असलेला दर पाहूनच आकडा भरा. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत सरकार विद्यावेतनाचा 25 टक्के वाटा उचलतं, पण महिन्याला जास्तीत जास्त 1,500. 7,000 चे 25 टक्के 1,750 होतात, म्हणून मिळतात 1,500 आणि मालकाकडे राहतात 5,500. पूर्वी हा वाटा मालकाला परत मिळायचा. 2023 पासून तो थेट मुलाच्या बँक खात्यात जमा होतो.

गोंधळ होतो तो इथे. मुलाला सांगितलेलं असतं 7,000. तुम्ही 5,500 जमा करता आणि पोर्टलवर तशी नोंद करता. सरकारचे 1,500 नंतर येतात. खातं आधारला जोडलेलं नसेल तर अडकूनही पडतात. मुलाला एवढंच दिसतं की मालकाने दीड हजार कापले. तो विचारत नाही, मनात ठेवतो आणि खोलीवर बोलतो. माझ्या शेजाऱ्याकडे दीड महिन्यात गेलेला मुलगा यातच गेला होता. हे आम्हाला त्याच्या खोलीवरच्या दुसऱ्या मुलाकडून कळलं.

दुरुस्ती सोपी आहे. पहिल्या दिवशी कागदावर दोन ओळी लिहून द्या: आमच्याकडून इतके, या तारखेला, सरकारकडून इतके, थेट खात्यात. बँक खात्याची आधार जोडणी कराराआधी स्वतः तपासा. पहिल्या महिन्यात सरकारी पैसे आले नाहीत तर मुलासोबत बसून पोर्टल उघडा आणि अडलंय कुठे ते त्याला दाखवा.

कपात आणि ओव्हरटाइम हेही याच खान्यात बघा. शिकाऊ उमेदवाराला भविष्य निर्वाह निधी आणि ईएसआय लागू नाही, त्यामुळे त्या नावाखाली काही कापलं जात असेल तर ते चूक आहे. तुटलेल्या इन्सर्टचे पैसे कापायची सवय काही शॉपमध्ये आहे, ती आजच बंद करा. शिकताना इन्सर्ट तुटणारच, आणि पैसे जातात म्हटल्यावर मुलगा मशीनला हात लावायलाच घाबरतो. ओव्हरटाइम शिकाऊ उमेदवारी सल्लागार या सरकारी अधिकाऱ्याच्या मंजुरीशिवाय देता येत नाही. रविवारी माल काढायचा आहे म्हणून मुलाला थांबवणं हा कायद्याचा भंग तर आहेच, शिवाय आपण इथे शिकायला नाही, हमालीला आलोय हे मुलाला त्याच रविवारी पटतं.

तिसरी तपासणी: शिकवणाऱ्याचं नुकसान होतंय का

चौथ्या-पाचव्या महिन्यात मुलं जात असतील तर मुलाकडे बघू नका, त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या सेटरकडे बघा.

सेटरला आपण सांगतो, "अण्णा, पोराला जरा शिकवा." आणि संध्याकाळी विचारतो, "अण्णा, नग किती निघाले?" दोन्ही एकाच वेळी होत नाही. जॉब बदलताना सॉफ्ट जॉ बोअर करून दाखवायला, टूल टच करून दाखवायला त्याचा पाऊण तास जातो. त्याचा इन्सेंटिव्ह नगावर असेल तर तो पाऊण तास त्याच्या खिशातून जातो. त्याच्या मनात आणखी एक भीती असते, ती तो बोलत नाही. हा पोरगा सात हजारात माझं काम करायला लागला तर मालक मला कशाला ठेवेल? ही भीती खोटी आहे असं सांगून जात नाही, कारण काही शॉपमध्ये तसं झालेलं त्याने पाहिलेलं असतं.

तपासायचं कसं? आठवडाभर दुपारच्या सुट्टीनंतर मशीनपाशी जाऊन उभे राहा आणि बघा, ऑफसेट बदलताना मुलगा कुठे उभा आहे. स्क्रीनसमोर असेल तर ठीक. चिप्स भरत असेल, कूलंट आणायला गेला असेल, आणि दर वेळी तसंच असेल, तर त्याला मुद्दाम लांब ठेवलं जातंय.

मी केलेली दुरुस्ती अशी. मुलाने एक पायरी पास केली की सेटरला 1,000 रुपये. चार पायऱ्या, म्हणजे वर्षाला एका मुलामागे 4,000. शिकवायच्या तासाला नग मोजायचे नाहीत. रोज दुपारी साडेतीन ते साडेचार त्या मशीनचा आकडा वहीत वेगळा लिहायचा. सेटरला मी एकट्याला गाठून नाही, सगळ्यांसमोर सांगितलं की मुलगा तयार झाला की तुम्ही तीन मशीनचं सेटिंग बघायचं आणि नुसतं चालवण्याचं काम त्याच्याकडे. आणि तसं केलं. शब्द पाळला हे एकदा दिसलं की दुसऱ्या सेटरला काही सांगावं लागत नाही.

चौथी तपासणी: पुढची पायरी मुलाला माहीत आहे का

कोणत्याही शिकाऊ मुलाला बाजूला घेऊन विचारा, "पुढच्या दोन महिन्यांत तू काय शिकणार?" उत्तर आलं नाही तर तुमच्याकडे शिकाऊ उमेदवारी नाही, स्वस्त लोडर आहे. करारासोबत अभ्यासक्रमाचा कागद असतो, पण तो फाइलमध्ये. भिंतीवर काय आहे ते महत्त्वाचं.

आमच्या भिंतीवर चार पायऱ्या आहेत. पहिले सहा आठवडे फक्त मोजणं: व्हर्निअर, मायक्रोमीटर, बोअर गेज. मुलगा वीस जॉब मोजतो, तेच वीस इन्स्पेक्शनवाला मोजतो, आणि दोघांचे आकडे शेजारी लिहितात. मायक्रोमीटरवर फरक एका शतांश मिलिमीटरच्या आत येईपर्यंत पायरी पास नाही. दुसरी पायरी तिसऱ्या महिन्यापर्यंत: जॉब नीट बसला की नाही ते ओळखणं, इन्सर्ट कधी बदलायचा ते फिनिश आणि आवाजावरून ओळखून स्वतः बदलणं. तिसरी पायरी सातव्या महिन्यापर्यंत: साइज स्वतः सांभाळणं. चौथी बाराव्यापर्यंत: एका जॉबवरून दुसऱ्यावर मशीनचं सेटिंग बदलून पहिला नग इन्स्पेक्शनमधून पास करून घेणं. दर पायरीला विद्यावेतनात 500 रुपये वाढ. ही वाढ किमान दराच्या वर, आमच्या खिशातून.

यातल्या तिसऱ्या पायरीवर सगळं अवलंबून आहे, म्हणून ती जवळून सांगतो.

मागच्या वर्षीची गोष्ट. एका कास्टिंगचा बोअर 40.000 ते 40.025 मध्ये हवा होता. बोअर गेजवर 39.985 आला, म्हणजे 15 मायक्रॉन लहान. टूलच्या वेअर ऑफसेटमध्ये आधीचे 0.030 होते. मुलाने बरोबर हिशोब केला: आणखी 0.025 द्यायचे, म्हणजे बोअर 40.010 ला जाईल. त्याने 0.025 टाइप केलं आणि INPUT दाबलं. दाबायचं होतं +INPUT. INPUT ने आधीचा आकडा पुसून नवा बसतो, +INPUT ने आधीच्यात मिळवला जातो. त्यामुळे 0.055 होण्याऐवजी 0.025 झालं. पुढचा नग मोजला तर 39.980, आधीपेक्षाही लहान. मुलाला वाटलं चिन्ह उलटं असणार, म्हणून त्याने उणे 0.025 भरलं. तिसरा नग 39.930. आता त्याचे हात थरथरत होते. सेटर चहा सोडून आला तेव्हा मुलगा म्हणाला, "अण्णा, मी वाढवतोय आणि तो कमीच होतोय."

सेटरने मशीन थांबवून त्याला फक्त एक विचारलं, "आधी किती होतं ते लिहून ठेवलंस का?" नव्हतं ठेवलं. त्या दिवसापासून प्रत्येक मशीनला दोरीने बांधलेली एक वही आहे. ऑफसेटला हात लावण्याआधी जुना आकडा, मोजलेली साइज आणि नवा आकडा एका ओळीत लिहायचा. ते तिन्ही नग वाचले, कारण बोअर लहान राहिला की धातू शिल्लक असतो, पुन्हा कट घेता येतो. याच कारणासाठी मी शिकाऊ मुलाला सुरुवातीला असाच जॉब देतो जिथे चुकलं तरी धातू शिल्लक राहील: रफिंग, अर्धा मिलिमीटर ठेवून. फायनल बोअर नंतर. पहिल्याच महिन्यात महाग कास्टिंगचा फायनल कट देऊन दहा नग घालवले की मालक मुलाला पुन्हा लोडिंगवर ढकलतो आणि मुलगा पाचव्या महिन्यात जातो. दोष मुलाचा नसतो, क्रमाचा असतो.

इथेच एक मर्यादाही सांगतो. तुमच्याकडे वर्षभर एकच पार्ट, एकच फिक्स्चर, मशीनचं सेटिंग कधी बदलायचंच नाही असं काम असेल तर चौथी पायरी तुम्ही देऊच शकत नाही. अशा शॉपने शिकाऊ घेऊ नयेत. रीतसर किमान वेतनावर कामगार घ्यावा. मुलाचं वर्ष वाचतं आणि तुमचाही मनस्ताप.

पाचवी तपासणी: दहाव्या महिन्यात कोण बोलतं

माझ्या शेजाऱ्याकडची चार शिकाऊ मुलं याच ठिकाणी गेली होती. चौघांनाही शिकवलं होतं उत्तम. पण वर्ष संपल्यावर काय, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. मालकाच्या डोक्यात होतं की संपलं की बोलावून घेऊ. रस्त्यापलीकडचा मालक मात्र दहाव्या महिन्यातच चहाच्या टपरीवर बोलला होता.

शेजारी द्यायचा तो किमान वेतनाएवढा पगार. पलीकडचा त्यावर 4,000 जास्त देत होता. शेजारी म्हणाला, एवढे परवडत नाहीत. आम्ही कागद घेऊन बसलो. 4,000 गुणिले 12, वर्षाचे 48,000. हा झाला मुलगा ठेवण्याचा खर्च. आता तो गेल्याचा खर्च. नवा मुलगा पहिले पाच महिने स्वतःचं काही काढत नाही, त्याचं आपल्या वाट्याचं विद्यावेतन 5,500 गुणिले 5, म्हणजे 27,500. नवखा हात असल्याने दिवसाला सरासरी एक तास मशीन बंद, चार महिने, 25 दिवस धरून 100 तास. त्याच्या शॉपचा मशीन तासाचा दर 350, म्हणजे 35,000. त्या काळातलं रिजेक्शन त्याच्याच वहीप्रमाणे 11,000. एकूण 73,500. आणि हे चार मुलांचं धरलं तर तीन वर्षांत जवळजवळ तीन लाख. परवडत नव्हतं ते मुलाला सोडणं.

सगळेच्या सगळे 4,000 द्यावे लागतात असंही नाही. मुलाला ओळखीचं शॉप, ओळखीचा सेटर सोडायचा नसतो. फरक मोठा राहिला तरच तो हलतो. आम्ही ठरवलं ते असं: कामगार म्हणून रुजू होताच किमान वेतनावर 2,500. सहा महिन्यांनी, दोन मशीनचं सेटिंग एकट्याने करत असेल तर आणखी 1,500. शिवाय शिकाऊ वर्षात मालकाने स्वतःच्या पैशातून महिन्याला 1,000 बाजूला ठेवायचे. त्या 12,000 पैकी निम्मे रुजू झाल्यावर सहा महिन्यांनी, निम्मे वर्षाने द्यायचे. ही रक्कम विद्यावेतनातून कापून ठेवायची नाही. कापलेला पैसा त्याचाच असतो आणि तो अडवला की भांडण होणार.

हे सगळं दहावा महिना लागल्या-लागल्या लेखी द्यायचं, आणि शक्य असेल तर मुलाच्या वडिलांना शॉपवर बोलावून त्यांच्यासमोर. आमच्याकडे नोकरीचा निर्णय घरात होतो. वडिलांनी मशीन पाहिलेलं असलं, मुलगा स्क्रीनवर काय करतो ते पाहिलेलं असलं, की पलीकडच्या हजार रुपयांसाठी घरातून कोणी ढकलत नाही. त्याच बैठकीत ट्रेड टेस्टची चौकशी करा. परीक्षेचा अर्ज, हजेरी, नोंदी वेळेत भरलेल्या आहेत ना? शॉपच्या आळसामुळे राष्ट्रीय शिकाऊ प्रमाणपत्र हुकलं तर तो मुलगा तर जाईलच, पुढची बॅचही आयटीआयमध्ये तुमचं नाव ऐकून येणार नाही.

शेजाऱ्याच्या पुढच्या बॅचचे तीन पैकी दोन आज त्याच्याकडे सेटिंग करतात. तिसरा पुण्याला चाकणला गेला, मोठ्या कंपनीत. त्याला थांबवायचा प्रयत्न आम्ही केलाच नाही. तेवढा पगार आणि तेवढी वाढ 22 माणसांचं शॉप देऊ शकत नाही.

सहावी आणि सगळ्यात अवघड: करारातली अट

बहुतेक मालक सुरुवातच इथून करतात: बॉण्ड लिहून घ्या, मूळ मार्कशीट ठेवून घ्या. म्हणून मी हे मुद्दाम शेवटी ठेवलंय. मूळ कागदपत्रं अडकवू नका. मुलाला ती परत मिळवायला पोलिसांकडे जावं लागलं तर तुमची बाजू उरत नाही.

शिकाऊ उमेदवारी कायदा 1961 च्या कलम 22 मध्ये तरतूद आहे. 2014 च्या दुरुस्तीपासून, प्रशिक्षण संपलेल्या मुलाला नोकरीत घेण्याचं धोरण एरवी मालकाने स्वतः ठरवायचं असतं. पण करारात तशी अट घातली तर दोघंही बांधले जातात. मालकाला योग्य नोकरी द्यावीच लागते आणि मुलाला ठरलेल्या मुदतीसाठी, ठरलेल्या पगारावर काम करावं लागतं. मुदत किंवा पगार वाजवी नसेल तर शिकाऊ उमेदवारी सल्लागार त्यात बदल करू शकतो. म्हणजे ही दोन्ही बाजूंची दोरी आहे. ऑर्डर कमी झाल्या म्हणून मालकाला "आता जागा नाही" म्हणता येत नाही. ते झेपणार असेल तरच अट घाला. मी घालत नाही. पाचव्या तपासणीपर्यंतचं नीट केलं तर तिची गरज पडली नाही, आणि जिथे पाचवी केली नव्हती तिथे अट असूनही मुलं गेली.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

मुलाला मशीनवर इजा झाली तर आधी दवाखाना आणि लगेच कामगार कायद्याचा सल्लागार. शिकाऊ असला तरी कामावर झालेल्या दुखापतीची भरपाई मालकावर येते. "आपसात मिटवू" म्हणून कागद करून घेऊ नका.

मुलगा अठराच्या आतला असेल तर त्याला मशीनवर उभं करण्याआधी विचारा. करार मुदतीआधी मोडायचा असेल, मुलाकडून किंवा तुमच्याकडून, तर परस्पर नाव काढू नका. शिकाऊ उमेदवारी सल्लागारामार्फतच करा. जिल्ह्याच्या आयटीआयमधल्या मूलभूत प्रशिक्षण केंद्रात याची माणसं भेटतात आणि वेळ देऊन बोलतात, हा माझा अनुभव आहे. तुमची माणसं 30 किंवा त्याहून जास्त झाली असतील तर शिकाऊ घेणं ऐच्छिक राहत नाही. किमान अडीच टक्के घ्यावेच लागतात. त्या टप्प्यावर कंत्राटी माणसं मोजण्यापासून सगळं सल्लागाराकडून तपासून घ्या. चारपेक्षा कमी माणसं असतील तर या कायद्याखाली शिकाऊ घेताच येत नाहीत, मग करारच करू नका.

आणि रजिस्टर बघताना असं दिसलं की शिकाऊ मुलांबरोबर चार-पाच वर्षांचे ऑपरेटरही जात आहेत, तर वरच्या सहाही तपासण्या सोडून द्या. तेव्हा दुखणं शिकाऊ उमेदवारीचं नसतं, पगाराच्या रचनेचं किंवा सुपरवायझरचं असतं. बाहेरच्या माणसाला बोलावून आधी जुन्या ऑपरेटरांशी एकेकट्याने बोलायला सांगा, आणि तोपर्यंत नवी बॅच घेऊ नका.